भट्टीमागची ऊब

वेदवती अकरा वर्षांची होती त्या सालची ही गोष्ट. सत्त्याऐंशी साल असावं. म्हैसूरच्या जुन्या वस्तीत, एका बेकरीला लागून असलेल्या दोन खोल्यांत ती, तिचे अप्पा अंबाजीराव आणि आई सुमित्राबाई अशी तिघं राहत. घराणं शिंप्याचं. पाचसहा पिढ्यांमागं कुणीतरी इकडं येऊन राजाच्या फौजेचे अंगरखे शिवले म्हणे. तेव्हापासून कात्री आणि सुई सुटली नव्हती, आणि घरातली मराठीही सुटली नव्हती. फक्त तिच्यात कन्नड इतकं मिसळलं होतं की कुठलं कुठं संपतं ते बोलणाऱ्यालाही सांगता येत नसे.

अप्पांचं दुकान रस्त्यावर, एका जिन्याखाली. सकाळी जात ते दिवेलागणीनंतर येत. काजं करणं, बटणं लावणं, परकरांना घेर देणं, साड्यांना फॉल लावणं, ही कामं घरी आई करायची. तिची पायमशीन मागच्या खोलीत होती. त्या खोलीची एक भिंत बेकरीशी सामाईक होती आणि थंडीत ती कोमट असायची. सुमित्राबाईंच्या बोटांचे सांधे धरलेले. नोव्हेंबर लागला की सकाळी सुईत दोरा जाईना. म्हणून तिनं मशीन सरकवत सरकवत अगदी त्या भिंतीला टेकवली होती. मध्येच काम थांबवून ती दोन्ही तळहात भिंतीला लावायची आणि डोळे मिटून बसायची.

"ही भिंत आहे म्हणून माझे हात आहेत," ती म्हणायची.

बेकरी कृष्णमूर्तींची. खोल्याही त्यांच्याच. बुटका, शांत माणूस. कपाळावर उभं नाम, अंगावर कायम मैद्याची भुकटी. वेदाला ते पुट्टी, म्हणजे चिमुरडी, म्हणत आणि येताजाता तिच्या हातावर एखादा बन ठेवत.

बेकरीच्या आणि यांच्या खोलीच्या मागून एक अरुंद बोळ जायचा. त्या बोळातल्या भिंतीपाशी रोज संध्याकाळी मांजरं जमायची. पाळलेली नव्हेत, रस्त्यावरची. कुणाचा कान फाटलेला, कुणाचं शेपूट अर्धं. साडेसहाच्या सुमारास एकेक यायला लागायचं. भांडण नाही, ओरडणं नाही. पाय पोटाखाली घेऊन, पाठ भिंतीला लावून बसायची, नऊदहा जणं, देवळात कीर्तनाला बसावं तशी.

का बसतात, याची उत्तरं गल्लीत भरपूर होती. समोरच्या शांताक्का म्हणायच्या, पूर्वी तिथं एक बाई मासळी साफ करायची, त्या वासाला येतात. कुणी म्हणे भिंतीत उंदरांची बिळं आहेत. बेकरीतल्या दुधाचा वास येतो, असंही कुणी सांगायचं. वेदाला यातलं एकही पटेना. मासळीवाली शांताक्कांच्या लग्नाआधीची. उंदीर असते तर मांजरांची तोंडं भिंतीकडं असती. ही तर पाठ करून बसतात. आणि दुधाचा वास बेकरीच्या पुढच्या दारात जास्त. तिथं एक मांजर दिसत नाही.

पोर हट्टी होती. शाळेतून आली की दप्तर टाकून ती बोळात जायची. अप्पांचा कापडावर खुणा करायचा निळा खडू तिनं घेतला आणि जिथं मांजर बसेल तिथं भिंतीवर रेघ मारायला सुरुवात केली. चारपाच दिवसांत रेघांचा एक घोळका झाला. सगळ्या रेघा चार हातांच्या टप्प्यात. पलीकडं पावसाच्या पाण्याचा नळ होता, त्याच्या पुढं एकही नाही. मधल्या जागी तो फाटक्या कानाचा बोका रोज बसायचा. तो उठला तरच दुसरं कुणी तिथं जाई.

मग तिनं हात लावून पाहिलं. आई इस्त्री तापली का ते पाहते तसा, हाताचा मागचा भाग टेकवून. बोक्याच्या जागी भिंत चांगली गरम होती. नळाच्या पलीकडं थंडगार.

ऊन असेल म्हणावं तर भिंत उत्तरेकडची. हिवाळ्यात तिथं ऊन फिरकतच नाही. आईनं दोऱ्याला लावायला ठेवलेल्या मेणाचे तिनं वाटाण्याएवढे तुकडे केले आणि भिंतीवर ओळीनं दाबून बसवले. दुपारी चारला सगळे कडक. सहाला मधले दोन नखानं दबायला लागले. साडेसात वाजता ते दोन खाली घसरले होते, बाजूचे मऊ पडले होते आणि टोकाचे तसेच.

"दुपारी गरम नाही, रात्रीकडं गरम. असं कसं?" तिनं आईला विचारलं.

"भट्टी आहे ना ग पलीकडं. कृष्णमूर्तींना विचार जा. सुम्ने उगाच माझं मेण संपवू नकोस."

ती बेकरीच्या मागच्या दारानं आत गेली. कृष्णमूर्तींनी तिला एका पोत्यावर बसवलं आणि सगळं पाहू दिलं. भट्टी म्हणजे विटांची एक कमानीची खोलीच होती, माणूस ओणवा होऊन आत जाईल एवढी. दुपारी तीनला ते सुरूची लाकडं आतच रचून पेटवत. कमान आधी काजळीनं काळी व्हायची. मग तापत तापत ती काजळीच जळून जायची आणि विटा पांढुरक्या दिसायला लागायच्या. ते दिसलं की भट्टी तयार. मग लांब लोखंडी दांड्यानं निखारे ओढून मागच्या डाव्या कोपऱ्यात लोटायचे, काठीला बांधलेलं ओलं पोतं फिरवून फरशी पुसायची आणि चिमूटभर मैदा टाकून पाहायचा. मैदा हळूहळू तांबूस झाला तर ठीक. लगेच काळा पडला तर थांबायचं. त्यानंतर लाकडी फावड्यावरून पाव आत सरकवायचे, धुराड्याची झडप ओढून घ्यायची आणि लोखंडी दार बंद.

"झडप का बंद करता?" वेदानं विचारलं.

"ऊब वर निघून जाईल ना, पुट्टी. आता आग नाही. विटांनी जी ऊब खाल्ली आहे, तीच पाव भाजणार. निखारे कोपऱ्यात धुमसत राहिले की उद्यापर्यंत भट्टी थंड पडत नाही."

"आणि भिंत?"

"दीड विटेची भिंत. तिच्यातून ऊब चालत चालत बाहेर जाते. तीनला पेटवलं तर सहासातला बोळात पोचते. तुझ्या बेक्कूंना, त्या मांजरांना, ते बरोबर माहीत आहे."

वेदाला एवढा आनंद झाला की ती घरी येऊन तेच बोलत राहिली. अप्पा जेवताना हसले. "बघा, आमच्या घरात इंजिनियर निघाला." निखाऱ्यांचा कोपरा म्हणजेच बोक्याची जागा, आणि तोच कोपरा आतून आईच्या मशीनमागं येतो, हे तिनं खडूनं फरशीवर काढून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे मी आणि ती मांजरं एकाच चुलीला बसतो." आणि कपाळ दाबत उठली. तिला त्या दिवसांत संध्याकाळी डोकं जड व्हायचं, मळमळायचं. नजरेचं काम, चाळिशी आली, चष्मा लागला असेल, असं सगळे म्हणत.

बोळाच्या बाजूनं भिंतीच्या पायाशी तीन विटा निखळलेल्या होत्या. आत हात जाईल एवढा पोकळ कप्पा झाला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला एका करड्या मांजरीनं आपली चार पिल्लं त्या कप्प्यात नेऊन ठेवली. बाहेरच्यापेक्षा आत केवढी ऊब. वेदानं वाकून पाहिलं तेव्हा ती एकमेकांच्या अंगावर निजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना तिनं पाहिलं, तर मांजर एकेकाला मानेला धरून बाहेर आणत होती, गटाराच्या कडेला ठेवत होती आणि चाटत होती. चारही मेलेली. कुठं चावा नाही, रक्त नाही. अंग अजून कोमट. झोपल्यासारखी दिसत होती. मांजर एकाला चाटून झालं की दुसऱ्याकडं जायची आणि परत पहिल्याकडं यायची.

वेदा शाळेला गेली नाही. ती थेट बेकरीत गेली. "भट्टीत भाजली ती पिल्लं," ती म्हणाली. तिला तेवढंच सुचलं. "ते भोक बुजवा. नाहीतर दुसरी कुणीतरी परत ठेवेल."

कृष्णमूर्ती बोळात येऊन बघून गेले. माणूस मनाचा मऊ. त्यांचे डोळे भरून आले. "भाजायला एवढी आच नाही ग इथं," ते पुटपुटले, पण पुढं विचार केला नाही. त्याच दुपारी त्यांनी गवंडी बोलावला. तीन विटा बसवून, वरून सिमेंट लिंपून, आजूबाजूच्या बारीकसारीक भेगाही भरून भिंत गुळगुळीत केली. संध्याकाळी मांजरं नेहमीसारखी आली. भिंत तेवढीच गरम होती.

त्या आठवड्यापासून आईचं डोकं जास्त दुखायला लागलं. आधी दिवेलागणीला दुखायचं, आता मशीनवर तासभर बसली की घण बसायला लागत. एकदा तिनं एकाच ब्लाउजला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती स्वतःशीच हसली आणि मग बराच वेळ त्या बाह्यांकडं बघत राहिली. वेदा गृहपाठाला त्याच खोलीत बसायची. तिलाही पेंग यायची, मळमळायचं. पुढच्या खोलीत येऊन झोपली की सकाळी ठीक.

मंगळवारी बेकरी बंद असे. भट्टी पेटत नसे. आधल्या दिवशीच्या उबेवर भिंत थोडीफार कोमट राही आणि एखाददुसरं मांजर येई. दुसऱ्या मंगळवारी आईनं संध्याकाळी आठपर्यंत काम केलं आणि उठताना म्हणाली, "आज डोकं अगदी हलकं आहे बघ."

वेदाच्या मनात तेव्हा काहीतरी हललं. ती मशीनमागं गेली. भिंतीला लागून जमिनीपाशी चुना फुगून पडला होता आणि बोटभर लांबीची फट दिसत होती. बुधवारी भट्टी पेटल्यावर, सहा वाजता, तिनं कापसाच्या दोऱ्याचा एक धागा फटीसमोर धरला. खोलीत वारा नव्हता. धागा आतल्या बाजूला, खोलीकडं, सावकाश सरकला आणि थरथरत राहिला.

"आई, भिंतीतून काहीतरी येतंय."

सुमित्राबाईंनी हुंगून पाहिलं. "कसलाच वास नाही. धूर असता तर कळला असता, अल्लवा? गरम हवा आहे ती. चांगली आहे की."

"मंगळवारी भट्टी नसते, तुझं डोकं दुखत नाही. खिडकी उघडी ठेव. नाहीतर मशीन पुढच्या खोलीत घेऊ."

"पुढं गारठ्यात माझी बोटं चालतील का?"

रात्री तिनं अप्पांनाही सांगितलं. अंबाजीराव दमलेले होते, पण त्यांनी पोरीला झिडकारलं नाही. उठून फटीपाशी हात धरला, खाली वाकून पाहिलं. "रविवारी मी घरी आहे. चुना आणून भरतो," ते म्हणाले. "तोपर्यंत खिडकी उघडी ठेवा." दोन दिवस आईनं खिडकी उघडी ठेवलीही, पदर डोक्यावरून घेऊन.

शनिवारी सकाळपासून आभाळ गच्च होतं. दूर समुद्रात वादळ झालं की म्हैसूरला डिसेंबरातही अशी झिमझिम लागते, हाडात शिरणारी. लग्नसराईचे परकर सोमवारी द्यायचे होते. आईनं खिडकी लावून घेतली, दाराखाली पोतं सारलं आणि मशीनला बसली.

वेदा बोळात होती. पत्र्याच्या पाखाखाली उभी राहून मांजरं बघत होती. पावसामुळं त्या दिवशी ती आणखी दाटीनं बसली होती. करडी मांजरही आली होती. भिंतीच्या पलीकडून आईच्या मशीनचा आवाज येत होता, खड्‌खड्‌ खड्‌खड्‌, मध्ये थांबून पुन्हा. सातच्या सुमारास तो थांबला. वेदाला वाटलं, बॉबिन भरत असेल. ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. तो थोडा वेळ म्हणजे दहा मिनिटं होती की अर्धा तास, हे तिला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. खूप जणांनी विचारलं. तिनंही स्वतःला विचारलं.

आत आली तेव्हा आई मशीनवर डोकं टेकून होती. एक हात भिंतीला लावलेला. वेदानं हाक मारली, हलवलं. मान गळून पडली. ती ओरडत धावली. शांताक्का आल्या, कृष्णमूर्ती पिठाच्या हातांनी आले, दोघांनी मिळून आईला पुढच्या खोलीतून ओसरीवर आणलं. पावसाचे थेंब तोंडावर पडल्यावर तिनं एक घरघरता श्वास घेतला. रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. अप्पा दुकानातून तसेच, गळ्यात टेप घेऊन पोचले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा लावला आणि विचारलं, "खोलीत शेगडी होती का? कोळशाची?"

"नाही," अप्पा म्हणाले.

"दारं-खिडक्या बंद करून काही पेटवलं होतं?"

"काही नाही, सर."

"शेगडी भिंतीत आहे," वेदा म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. मग खाली बसून तिचं सगळं ऐकून घेतलं. निखारे, झडप, बंद दार, फट, धागा, पिल्लं, सिमेंट. ऐकता ऐकता त्यांची मान हलत राहिली. त्यांनी कन्नडात सावकाश समजावलं. लाकूड भडभडून जळतं तेव्हा धूर होतो आणि तो कळतो. पण कोंडलेल्या निखाऱ्यांना पुरेशी हवा मिळत नाही, तेव्हा त्यांच्यातून दुसराच एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्ताला असा चिकटतो की रक्ताला हवा वाहून नेता येत नाही. माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. ऊब विटेतून येते, तिला फट लागत नाही. वायूला फट लागते.

"म्हणून बाहेरच्या मांजरांना काही झालं नाही?" वेदानं विचारलं.

"ती उघड्यावर बसतात. बोळातल्या वाऱ्यात तो विरून जातो. पिल्लं कप्प्यात होती." एवढंच ते म्हणाले. पण वेदाला पुढचं कळलं होतं. तो वायू आधी त्या कप्प्यातून, त्या भेगांतून निम्माशिम्मा बोळात निघून जात होता. बोळाकडची वाट सिमेंटनं बंद झाली, तेव्हा सगळा खोलीत यायला लागला. आणि भोक बुजवा, असं सांगायला गेली होती ती.

तिनं ते मोठ्यानं म्हटलं. डॉक्टर म्हणाले, तुझी चूक नाही. अप्पा म्हणाले, तुझी चूक नाही. कृष्णमूर्ती बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसले होते. ते म्हणाले, चूक माझी. तिन्ही वाक्यं तिनं ऐकली.

चौथ्या दिवशी सुमित्राबाई उठून बसल्या. सगळ्यांना ओळखलं, कॉफी मागितली, परकरांचं काय झालं ते विचारलं. आठव्या दिवशी घरी आल्या. शांताक्कांनी दृष्ट काढली. संक्रांतीला तिनं स्वतः तीळ भाजले. अप्पांनी मशीन पुढच्या खोलीत आणली, आणि वेदाला वाटलं, संपलं.

पण डॉक्टरांनी घरी सोडताना अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, महिनाभर लक्ष ठेवा. कधीकधी बरं होऊन पुन्हा उतरतं. तेच झालं. संक्रांतीनंतर आठवडाभरानं एका सकाळी आई सुई हातात घेऊन बसली आणि दोरा कुठल्या टोकाला ओवायचा ते तिला आठवेना. मग चालताना पाय घासायला लागले, बारीक पावलं, पुढं झुकून. चेहऱ्यावरचं हसू गेलं. राग, दुःख तेही गेलं. चुलीवर दूध ठेवून ती त्याच्याकडं बघत उभी राहायची आणि ते उतू जाताना बघत राहायची. दवाखान्याच्या खेपा झाल्या. मेंदूच्या आतल्या भागाला इजा झाली आहे, काहींचं परत येतं, वाट बघा, असं सांगितलं. बापलेकींनी वाट पाहिली. थोडं चालणं सुधारलं. बाकी आलं नाही.

कृष्णमूर्तींनी भट्टी पाडून पुन्हा बांधली, खोलीच्या भिंतीपासून हातभर सोडून. ते काम चाललं होतं तोवर बोळात एकही मांजर फिरकलं नाही. भट्टी पेटली आणि तिसऱ्या दिवशी फाटक्या कानाचा बोका येऊन बसला. वेदानं ते एकदा पाहिलं. नंतर ती बोळाकडं गेली नाही. कृष्णमूर्ती रोज बन पाठवायचे. अप्पा ते नाकारत नसत, पण घरात कुणी खातही नसे.

वेदानं सातवीनंतर शाळा सोडली. कुणी सोडवली नाही. आईला एकटं ठेवता येईना, एवढंच. ती आईच्या मशीनवर बसली. पुढं अप्पा गेले. मग शहराबाहेर हूटगळ्ळीला कारखान्यांजवळ दोन खोल्या मिळाल्या. तिथं ती कामगारांचे गणवेश शिवायला लागली. हात तिचा आईसारखाच होता, काज बघून लोक ओळखायचे. लग्नाचं एकदा चाललं होतं. मुलाकडची माणसं येऊन बसली असता सुमित्राबाई आतून आल्या, त्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि पायाशी फरशी ओली होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. वेदा उठली, तिला हाताला धरून आत नेलं, साडी बदलली. बाहेर आली तेव्हा माणसं निघायच्या तयारीत होती. तिनंही थांबवलं नाही.

आता वेदा पस्तिशीला टेकली आहे. आईला ती सकाळी अंघोळ घालते, भरवते, मग मशीनला बसते. आई दारातल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या बस आणि मोटारसायकली बघते. दिवसभरात क्वचित बोलते. कधीतरी शिवण चाललेली बघून तिला वाटतं, ही कुणीतरी शेजारची पोर कामाला आली आहे.

"छान शिवतेस ग," ती म्हणते. "कुणाची तू?"

"सुमित्राबाईंची," वेदा सांगते.

आई थोडा वेळ त्या नावाचा विचार करते. मग पुन्हा रस्त्याकडं बघायला लागते.